वीस गुंठे एकदम की दहा-दहा? पॉलिहाऊस, हप्ता आणि पिकाचे महिने

माझा आतेभाऊ पुरंदर तालुक्यात असतो. गेल्या महिन्यात तो दोन कोटेशनं घेऊन माझ्याकडे खेडला आला. एक वीस गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचं, एक दहाचं. चहा व्हायच्या आत त्याने प्रश्न टाकला, "दादा, एकदमच उरकून टाकू का? दर कमी लावतोय तो." कोटेशन देणारा चौरस मीटरमागे पन्नासेक रुपये कमी करायला तयार होता. भावाने वीस गुंठ्यांचा हिशेब तिथेच केला होता आणि तो बरोबरही होता. फक्त त्या कागदावर हप्ता कोणत्या महिन्यात येतो आणि मिरची कोणत्या महिन्यात येते, हे कुठेच नव्हतं.

माझं दहा गुंठ्यांचं शेड आता सहाव्या वर्षात आहे. जुन्नरकडचा माझा एक मामेभाऊ थेट वीसवर गेला होता. म्हणजे दोन्ही वाटा घरातच पाहिल्या आहेत. भावासाठी जो ताळा मांडला तोच इथे देतोय. आकडे माझ्या अनुभवातले आणि सोयीसाठी गोल केलेले आहेत. तुमचं कोटेशन, तुमच्या बँकेचा दर, तुमच्या गावची मजुरी घालून पुन्हा मांडा.

उभारणीचा खर्च

पीक रंगीत ढोबळी मिरची, जागा सपाट, विहीर स्वतःची असं धरू. दहा गुंठ्यांचं शेड म्हणजे २८ बाय ३६ मीटर, १,००८ चौरस मीटर. सांगाडा, प्लास्टिक, ठिबक, फॉगर मिळून साडेअकरा लाख. लाल माती आणि बेड सव्वादोन लाख. पंप, फिल्टर, टाकी, वीज पावणेदोन लाख. एकूण साडेपंधरा लाख.

मातीचा आकडा बघून भावाने भुवया उंचावल्या. त्याच्या कोटेशनमध्ये माती नव्हतीच, आणि ती बहुधा नसतेच. बेड तळाशी ९० सेंटिमीटर, माथ्याला ६०, उंची ४५, मध्ये अर्ध्या मीटरची वाट असा हिशेब केला, की दहा गुंठ्यांत शेणखत आणि भाताचं तूस धरून ८५ ब्रासच्या आसपास माल भरावा लागतो. ट्रक किती लांबून येतो यावर निम्मा खर्च ठरतो. ही माती पावसाआधी आत पडली पाहिजे. जूनमध्ये ट्रक शेताच्या तोंडाशीच रुततो.

वीस गुंठे एकदम केले तर सांगाडा २२ लाख, माती सव्वाचार लाख, पंप-फिल्टर सव्वादोन लाख, एकूण साडेअठ्ठावीस. दहा-दहा केले तर दुसऱ्या दहाला तोवर दर वाढलेला असतो. पंप आधीच मोठा घेतला असेल तरी पंधरा लाख लागतील. दोन्ही टप्पे मिळून साडेतीस लाख.

म्हणजे टप्प्याटप्प्याने जाण्याची किंमत दोन लाख रुपये. ते कशासाठी मोजायचे आणि त्या बदल्यात काय मिळतं, एवढाच खरा प्रश्न आहे.

हप्ता कधी पडतो

बँक साधारण पाऊण भाग देते. वीसला २१ लाख कर्ज, दहाला साडेअकरा. व्याज ११ टक्के, मुदत सात वर्षं, पहिलं वर्ष फक्त व्याज आणि पुढची सहा वर्षं मुद्दलाचे बारा सहामाही हप्ते असं धरू. अनुदान मिळालंच नाही, तर पहिला पूर्ण हप्ता वीसला दोन लाख नव्वद हजार आणि दहाला एक लाख एकोणसाठ हजार.

माझ्या वेळी मी फक्त ही रक्कम पाहिली, महिना पाहिला नाही. कर्ज मार्चमध्ये उचललं, त्यामुळे सहामाही सप्टेंबर आणि मार्च अशी पडली. मुद्दलाचा पहिला हप्ता आला दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात. ऑगस्टमध्ये लागवड केलेली, झाडं गुडघ्याला आलेली, दोरीला बांधायचं काम चाललेलं आणि तोडा दीड महिना लांब. जुन्या पिकाचे पैसे मेमध्येच संपले होते. जूनमध्ये बेड निर्जंतुक केले, जुलैत रोपांचे पैसे भरले, ऑगस्टमध्ये बेसल डोस. खिशातून सगळ्यात जास्त पैसा जाण्याच्या महिन्यातच बँकेचा हप्ता. शाखेत विचारलं तर उत्तर आलं, "सिस्टीममध्ये तशीच तारीख येते."

मग व्यापाऱ्याकडून एक लाखाची उचल घेतली. बिनव्याजी होती. अट एवढीच की सगळा माल त्यालाच द्यायचा. त्या हंगामात त्याला साडेआठ टन माल गेला आणि दर पट्टीवर मला बाजारापेक्षा किलोमागे चारेक रुपये कमी लागले. म्हणजे चौतीस हजार. एक लाख रुपये सात-आठ महिने वापरण्याचे चौतीस हजार! बँकेच्या व्याजाच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी ही पट्टी डोळ्यांसमोर ठेवावी.

म्हणून तारीख आधीच मागून घ्यायची. ऑगस्टच्या ढोबळीला रंगीत मालाचा पहिला तोडा ऑक्टोबरच्या शेवटी येतो, नोव्हेंबरपासून पैसा नियमित होतो आणि मेपर्यंत चालतो. त्यामुळे सहामाही हप्ता डिसेंबर आणि जूनला असला पाहिजे. फेब्रुवारीत कर्ज उचललं आणि तारीख नुसती 'सहा-सहा महिन्यांनी' ठेवली, तर मुद्दलाचा पहिला हप्ता अठराव्या महिन्यात, ऑगस्टमध्ये येतो. जून मागितला तर तो दोन महिने आधी येईल. भाऊ म्हणाला, "आधी कशाला मागायचा?" कारण जूनमध्ये खात्यात पैसे असतात आणि ऑगस्टमध्ये नसतात.

हे सगळं मंजुरीपत्रावर सही करण्याआधीच बोलायचं असतं. शेतीकर्जाची परतफेड पिकाच्या उत्पन्नाला जोडून बसवता येते, पण मागणारा नसेल तर कोणी आपणहून बसवून देत नाही.

अनुदान: आकड्याआधी क्रम समजून घ्या

महाडीबीटीवर अर्ज करायचा, पूर्वसंमती घ्यायची, मग काम सुरू करायचं. पूर्वसंमतीआधी एक खड्डा जरी घेतला तरी अनुदान अडचणीत येतं. रक्कम काम पूर्ण होऊन मोका तपासणी झाल्यावर येते. ती सरकारी मापदंडाच्या निम्मी असते, तुमच्या कोटेशनच्या निम्मी नव्हे, आणि मापदंड बहुतेक वेळा कोटेशनपेक्षा कमीच असतो. कर्ज असेल तर पैसे हातात न पडता कर्जखात्यात जमा होतात. म्हणून अनुदानातून रोपं घेऊ, खतं घेऊ हा विचार मुळातच सोडून द्या.

मी दहाला साडेचार आणि वीसला साडेआठ लाख धरतो. ते जमा झाले की कर्ज अनुक्रमे सात आणि साडेबारा लाखांवर येतं. इथे बँकेला एक प्रश्न विचारा: अनुदान जमा झाल्यावर हप्ता कमी होणार की मुदत कमी होणार? काही शाखा हप्ता तोच ठेवतात आणि शेवटचे हप्ते गाळतात. कागदावर कर्ज उतरतं, पण दुसऱ्या वर्षी, जेव्हा तुम्हाला श्वास घ्यायला जागा हवी असते, तेव्हा काहीच फरक पडत नाही. हप्ता कमी करून पाहिजे, असं लेखी द्या.

वीस एकदम करण्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा इथेच आहे. आज पूर्वसंमती मिळतेय ती वीसची घेतली तर वीसचं अनुदान पक्कं. दुसऱ्या टप्प्याला पुन्हा अर्ज, पुन्हा रांग, तोवर नियम बदललेले असू शकतात आणि एका लाभार्थीला किती क्षेत्रापर्यंत अनुदान, याची मर्यादाही असते. दुसऱ्या दहाला अनुदान मिळालंच नाही तर टप्प्यांची किंमत दोन लाख राहत नाही, सहा लाखांच्या घरात जाते. हा धोका मी भावापासून लपवला नाही.

दहा आणि वीस समोरासमोर

दहा गुंठ्यांत २,८०० रोपं बसतात. नवख्याने झाडामागे सव्वातीन किलोच्या वर धरू नये, म्हणजे ९ टन. कामाला रोज दोन माणसं लागतात. दहा गुंठ्यांत एक घरचं आणि एक मजूर असं भागतं. वीसला चार माणसं लागतात, पण घरचं माणूस एकच असतं, म्हणून मजूर तीन. लोक हा विचार करत नाहीत. क्षेत्र दुप्पट झालं की मजुरी तिप्पट होते.

सुरुवातीला रोपं, बेसल डोस, दोरी-तार यांना दहा गुंठ्यांत ६० हजार आणि पुढे महिना २५ हजार धरले. वीसला १ लाख २० हजार आणि महिना ५९ हजार. दहा महिन्यांचं पीक. अनुदान जमा झालंय, हप्ता खाली आलाय, असं धरून वर्षाचं चित्र असं दिसतं:

| | दहा गुंठे | वीस गुंठे |
|---|---|---|
| पिकाचा खर्च | ३.१ लाख | ७.१ लाख |
| वर्षाचे दोन हप्ते | १.९ लाख | ३.४ लाख |
| बरोबरीचा भाव (किलो) | ५५-५६ रु. | ५८-५९ रु. |
| ४५ रु. मिळाले तर | ९५ हजार तूट | २.४ लाख तूट |
| ७० रु. मिळाले तर | १.३ लाख शिल्लक | २.१ लाख शिल्लक |
| पैसा सुरू होईपर्यंत लागणारं खेळतं भांडवल | १.५ लाख | ३.३ लाख |

बरोबरीचा भाव म्हणजे ज्यात पिकाचा खर्च आणि हप्ते जेमतेम निघतात तो. भाव म्हणजे बॉक्स, गाडीभाडं, हमाली जाऊन हातात पडलेला. पट्टीवर वर लिहिलेला नव्हे.

अनुदान आलंच नाही तर बरोबरीचा भाव दहाला ६९ आणि वीसला ७१ रुपयांवर जातो. रंगीत ढोबळीला काही आठवडे त्याच्या बरंच वर मिळतात आणि काही आठवडे निम्मेही मिळत नाहीत. हंगामाची सरासरी सत्तर पडेल, या भरवशावर कर्ज काढू नये.

आता तक्ता नीट पाहा. बरोबरीच्या भावात दोघांत तीन रुपयांचाच फरक आहे. वीस गुंठ्यांना मोठ्या क्षेत्राचा जो फायदा सांगतात, तो उभारणीत मिळतो आणि मजुरीत जातो. खरा फरक खड्ड्याच्या खोलीत आहे. भाव पडलेल्या वर्षी दहावाला दोन म्हशी विकून किंवा पाहुण्याकडून हातउसने घेऊन निभावतो. वीसवाल्याला अडीच लाख उभे करायचे असतात, तेही पहिल्याच दोन वर्षांत, हात बसायच्या आधी. चांगल्या वर्षी मात्र वीसवाला दुप्पटसुद्धा कमवत नाही. मामेभावाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्याचं शेड वाईट नव्हतं, पीकही बरं होतं. पहिल्या वर्षी फुलकिडे आले, पानं वर वाटीसारखी वळायला लागली आणि त्याला ते कळेपर्यंत तीन आठवडे गेले. माझ्याकडेही तेच झालं होतं. चूक तीच, पण माझी दहा गुंठ्यांची होती.

खेळत्या भांडवलाचे साडेतीन महिने

दीड लाख आणि तीन लाख तीस हजार हे आकडे लागवडीपासून साडेतीन महिन्यांचे आहेत. पहिला रंगीत तोडा साधारण ८५ ते ९० दिवसांनी येतो. पहिले दोन-तीन तोडे किरकोळ असतात आणि व्यापाऱ्याचे पैसे आठवड्याने येतात. घाईत हिरवी तोडली तर साठ-सत्तर दिवसांत पैसा दिसतो, पण हिरव्याचा भाव फार खाली असतो. तरी पहिली एक-दोन फळं हिरवीच काढावी लागतात, नाहीतर झाडाची वाढ अडते. त्याला उत्पन्न म्हणू नका, मजुरी निघाली म्हणा.

हा पैसा मुदत कर्जातून येत नाही. तो पीककर्जातून, म्हणजे किसान क्रेडिट कार्डावर घ्यायचा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या सवलतीमुळे आपल्याकडे व्याज शून्यावर येतं. दहा गुंठ्यांची गरज या तीन लाखांत आरामात बसते. वीस गुंठ्यांची बसत नाही, आणि एखादा महिना लागवड लांबली तर अजिबातच नाही. उरलेली रक्कम मग दुकानदाराच्या उधारीवर किंवा उचलीवर जाते आणि तिचं व्याज कसं लागतं ते वर सांगितलंच आहे. मुदत कर्जाच्या अर्जाबरोबरच पॉलिहाऊसमधल्या पिकासाठी पीककर्जाची मर्यादा मागा. नंतर मागितली तर आधीच्या कर्जाकडे बोट दाखवतात.

भावाचा विचार होता की स्वतःकडचे साडेसात लाख सगळे वीसच्या मार्जिनमध्ये घालायचे. दहा केलं तर मार्जिन चार लाख, म्हणजे साडेतीन लाख हातात उरतात. त्यात पहिल्या पिकाचं भांडवल निघतं आणि एक वाईट हंगाम निघतो. त्याला हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा लवकर पटला.

ढोबळी, जरबेरा की काकडी?

जरबेरा एकदा लावला की अडीच-तीन वर्षं फुलं. जून-जुलैचा रिकामा काळ नाही, दर आठवड्याला थोडा पैसा. हप्ता तिमाही असला तरी झेपतो. पण दहा गुंठ्यांना सहा हजार रोपं लागतात आणि टिश्यूकल्चरचं रोप ३५ रुपयांना धरलं तरी २ लाख १० हजार फक्त रोपांचे. पहिली फुलं येईपर्यंतचं भांडवल सव्वातीन लाखांच्या पुढे जातं. म्हणजे दहा गुंठे जरबेराला वीस गुंठे ढोबळीइतका पैसा आधी घालावा लागतो. अनुदान धरून बरोबरीचा भाव फुलामागे २ रुपये ८५ पैशांच्या आसपास येतो, तोही पाऊच, बॉक्स, गाडी जाऊन. दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत फूल त्याच्या वर जातं. आषाढ आणि पितृपक्षात गुलटेकडीला नेलेला बंच कधी कधी भाड्याला पुरत नाही. झाड मात्र पितृपक्ष पाळत नाही, फुलं येतच राहतात.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा ऐन लग्नसराईत फुलं बांधावर टाकावी लागली. ढोबळी कमी भावात का होईना, जात होती. एकाच पिकावर कर्ज असेल तर मी खाण्याचं पीक धरेन. जरबेरा दुसऱ्या टप्प्यात बघावा, पाणी तपासून. पुरंदर, शिरूर, दौंडकडच्या बऱ्याच बोअरचं पाणी खारट असतं आणि जरबेराला ते मानवत नाही.

बिनबियांच्या काकडीकडे मी मुख्य पीक म्हणून बघत नाही, पण ती अडचणीत कामाला येते. पस्तीस-चाळीस दिवसांत तोडा, तीन महिन्यांत पीक संपतं. भाव साधारणच, पण भांडवल कमी अडकतं आणि फर्टिगेशनचा हात बसतो. तिचं काम पुढच्या भागात येईल.

लागवड चुकली तर

घड्याळ ऑगस्टपासून उलटं फिरवा. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागवड. त्याआधी ३५-४० दिवस रोपवाटिकेत, म्हणजे रोपांची नोंदणी जूनच्या मध्यात. निर्जंतुकीकरण जूनमध्ये. माती मेमध्ये. सांगाडा फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे पूर्वसंमती आणि कर्जमंजुरी जानेवारीअखेर हातात पाहिजे आणि अर्ज दसरा-दिवाळीच्या सुमारास.

हे साखळीतलं एक कडं निसटलं की काय होतं? समजा पूर्वसंमती एप्रिलमध्ये आली. सांगाडा जूनपर्यंत रेंगाळला, मावळ-मुळशीकडे असाल तर पावसाने काम थांबलंच. माती ओली पडली, बेड घट्ट बसले. लागवड सप्टेंबरअखेर. तोडा यायचा तो डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा आपल्याकडे रात्री दहा अंशांपर्यंत उतरतात. थंडीत फळाला रंग चढायला जास्त दिवस लागतात आणि फळधारणाही मंदावते. नोव्हेंबरऐवजी पैसा जानेवारीअखेर सुरू होतो. व्याज मात्र कर्ज उचलल्या दिवसापासून चालू असतं. दहा गुंठ्यांत हे दोन-अडीच महिने म्हणजे साठ हजारांचं जादा भांडवल, वीसला दीड लाख.

असं होणार दिसलं तर हट्टाने ढोबळी लावू नका. सप्टेंबरात काकडी टाका, डिसेंबरात काढा, बेड तयार करून जानेवारीअखेर ढोबळी लावा. तिचा माल एप्रिलअखेरपासून सुरू होतो. उन्हाळ्यात सावलीची जाळी आणि फॉगर नीट चालले पाहिजेत, नाहीतर फुलगळ होते. आणि कर्जाचे हप्ते मात्र ऑगस्टच्या पिकाला धरून मागितलेले असतील, तर बँकेत जाऊन तारखा बदलून घ्या.

दोन शेडचा फायदा

टप्प्यांच्या बाजूचा एक मुद्दा पैशांच्या ताळ्यात दिसत नाही. वीस गुंठ्यांच्या एका शेडमध्ये निम्मं पीक ऑगस्टचं आणि निम्मं जानेवारीचं असं करता येत नाही. म्हणजे करता येतं, पण जुन्या झाडांवरचे फुलकिडे आणि कोळी सरळ कोवळ्या रोपांवर जातात. मामेभावाने करून पाहिलं आणि फेब्रुवारीत दोन्हीकडे फवारत बसला. दहा-दहाची दोन वेगळी शेड असली, मध्ये दहा-पंधरा फुटांचं मोकळं अंतर आणि दारं विरुद्ध बाजूंना, की एकात ऑगस्टचं आणि दुसऱ्यात जानेवारीचं पीक बसतं. मग वर्षातला एकही महिना पूर्ण कोरडा जात नाही. सूत्रकृमी आली, मुळांवर गाठी दिसल्या, तर एक शेड तीन महिने बंद ठेवून दुसऱ्यावर हप्ता भरता येतो.

वीस एकदमच करायचे असतील तर निदान दोन शेड करा. बाजूच्या भिंतींचा, पडद्यांचा खर्च वाढेल, तो सोसण्यासारखा आहे.

टप्पे करायचे ठरलं तर पहिल्याच टप्प्यात चार गोष्टी वीसच्या मापाने करून ठेवा: जमिनीचं सपाटीकरण, पंप व फिल्टर, मुख्य पाइपलाइन आणि विजेचा भार. मी फिल्टर दहाचाच घेतला होता. आज दुसऱ्या शेडचा विचार करतो तेव्हा तो बदलण्यापासून सुरुवात आहे. पावसाचं पाणी गटरमधून कुठे उतरणार तेही आधीच ठरवा, नाहीतर पहिल्या शेडचं पाणी दुसऱ्याच्या पायात.

दुसरा टप्पा कधी

वर्षं मोजून नव्हे. दोन पिकं झाली, झाडामागे तीन किलो निघाले, वर्षाचे दोन्ही हप्ते उचल न घेता गेले आणि दुसऱ्या शेडच्या पिकाचं भांडवल खात्यात पडून आहे, असं झालं की अर्ज करा. यातलं एक जरी नसेल तर थांबा.

आणि प्लास्टिक विसरू नका. २०० मायक्रॉनचा कागद तीन-चार वर्षांत बदलावा लागतो, दहा गुंठ्यांना मजुरीसकट मी लाखभर धरतो. दुसरा टप्पा चौथ्या वर्षी काढला तर नवं मार्जिन आणि जुनं प्लास्टिक एकाच वर्षी येतं. दर पिकाला तीस हजार बाजूला टाकत गेलं तर तो भार जाणवत नाही. विमाही घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागापासून जुन्नर-मावळपर्यंत कित्येक शेडचे कागद फाटून उडाले, काहींचे सांगाडेही वाकले. तेव्हा ज्यांचा नुकताच हप्ता सुरू झाला होता त्यांची अवस्था जवळून पाहिली आहे.

मग वीस कुणी एकदम करावेत? घरातली दोन माणसं पूर्ण वेळ शेडमध्ये राबणार असतील, कुणीतरी आधी पॉलिहाऊसवर काम केलेलं असेल आणि मार्जिन भरूनही चार लाख हातात राहत असतील, त्यांनी. त्यांच्यासाठी अनुदान एकदम पदरात पाडून घेणं शहाणपणाचं आहे. भावाकडे यातलं पहिलंसुद्धा नाही. वहिनी शिक्षिका आहे आणि तो स्वतः सकाळी दूध घालून येईपर्यंत नऊ वाजतात.

त्याला आधी तळेगाव दाभाड्याला, राष्ट्रीय सुगी पश्चात तंत्रज्ञान संस्थेच्या प्रशिक्षणाला पाठवतोय. कोटेशन दहाचंच पुन्हा मागवलं आहे, पंप वीसचा आणि मातीची वेगळी ओळ लिहून. बँकेच्या अर्जात हप्त्यापुढे त्याने 'जून आणि डिसेंबर' असं ठळक लिहिलं आणि खाली रेघ ओढली. शाखेतले साहेब रजेवर आहेत, सोमवारी येतील.